डंबेल नसलेल्यांनी क्रिएटिन घ्यावं का?

क्रिएटिनचा डबा पूर्वी जिमच्या कपाटात दिसायचा, आता तो घरच्या फडताळातही दिसू लागला आहे. हॉलमध्ये सतरंजी टाकून जोर-बैठका मारणारे, दाराच्या चौकटीत बार अडकवून पुल-अप्स काढणारे, पहाटे सूर्यनमस्कार घालणारे, योगवर्गाला नेमाने जाणारे असे सगळेच आता विचारतात, की आम्ही लोखंडाला हातही लावत नाही, मग ही पावडर आमच्या काही कामाची आहे का? जाहिराती सरसकट ‘हो’ म्हणतात आणि घरातली वडीलधारी माणसं सरसकट ‘नको’ म्हणतात. खरं उत्तर तुमच्या व्यायामाच्या जातीवर अवलंबून आहे, आणि ते शोधायला क्रिएटिन स्नायूत नेमकं काय करतं हे आधी पाहावं लागतं.

पहिल्या दहा सेकंदांचा साठा

स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी नावाच्या रेणूतल्या ऊर्जेवर. हा एटीपी स्नायूत फार थोडा असतो. पूर्ण ताकद लावली तर दोन-तीन सेकंदांत तो संपेल इतकाच. म्हणून तो वापरताक्षणी पुन्हा तयार व्हावा लागतो. श्वासातून आलेला ऑक्सिजन वापरून अन्नापासून एटीपी बनवण्याची शरीराची मोठी यंत्रणा आहे खरी, पण ती वेग घ्यायला वेळ घेते. मधल्या काळात फॉस्फोक्रिएटिन धावून येतं. लाईट गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंत इन्व्हर्टर घर सांभाळतो, तसंच हे आहे. पूर्ण जोर लावला तर हा साठा साधारण दहा सेकंद पुरतो. मग तो रिकामा होत जातो आणि विश्रांती मिळाली की पुन्हा भरतो. अर्ध्याहून अधिक साठा पहिल्या मिनिटभरात भरतो, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात.

बाहेरून घेतलेलं क्रिएटिन हा साठा मोठा करतं. स्नायूतलं एकूण क्रिएटिन त्यामुळे बहुतेकांमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास वाढतं. याचा परिणाम दोन ठिकाणी जाणवतो. जोराच्या कामात शेवटच्या एक-दोन आवृत्त्या जास्त निघतात, आणि दोन सेटमधल्या विश्रांतीत साठा जास्त भरतो, म्हणून पुढचा सेट कमी घसरतो. उत्तेजक द्रव्यासारखी तरतरी यात नाही आणि घेतल्या घेतल्या काही जाणवतही नाही.

या ठिकाणी 1993 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग घरी व्यायाम करणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. पॉल ग्रीनहाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा जणांना खुर्चीवजा यंत्रावर बसवून गुडघा सरळ करायला लावला. पूर्ण ताकदीने 30 वेळा, मग एक मिनिट विश्रांती, असे पाच सेट. या यंत्रात लोखंडाच्या थाळ्या नसतात. माणूस जितका जोर लावेल तितकाच विरोध ते करतं. पाच दिवस रोज 20 ग्रॅम क्रिएटिन घेतल्यावर त्या गटाचा जोर सेटगणिक कमी घसरला. म्हणजे परिणाम दिसायला वजनाचा आकडा लागला नाही. थकेपर्यंत लावलेला जोर, अपुरी विश्रांती आणि पुन्हा तोच जोर, एवढं पुरलं. तुमच्या सतरंजीवरच्या व्यायामात ही गोष्ट घडते का, हाच खरा प्रश्न.

एकाच सतरंजीवरचे तीन व्यायाम

पहिली जात संथ योगाभ्यासाची. श्वासाच्या लयीवर घातलेले सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, भुजंगासन, प्राणायाम, शवासन. यात स्नायूंना काम असतं, पण त्या कामाची गती ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेला सहज झेपते. फॉस्फोक्रिएटिनचा साठा रिता होण्याची वेळच येत नाही. जो साठा संपत नाही तो मोठा करून हाती काही लागत नाही. लवचिकता, तोल आणि श्वासावरचा ताबा या गोष्टी क्रिएटिनने वाढण्याचं कारणही नाही. केवळ असा योग करणाऱ्यांनी या डब्यावर पैसे घालवू नयेत असं मी स्पष्टच म्हणेन.

दुसरी जात लांबलचक आवृत्त्यांची. एका दमात शंभर बैठका, तीन मिनिटांचं प्लँक, अर्धा तास न थांबता सूर्यनमस्कार. इथे दम लागतो, मांड्या भरून येतात, घाम निघतो, त्यामुळे क्रिएटिन लागू पडेल असं वाटतं. पण काम मिनिटामिनिटांचं झालं की फॉस्फोक्रिएटिनचा वाटा सुरुवातीच्या काही सेकंदांपुरता उरतो. पुढचा भार हृदय, फुप्फुसं आणि स्नायूंच्या दमसासावर असतो. इथे फायदा झालाच तर नगण्य होतो.

तिसरी जात मात्र वेगळी आहे. पाच ते वीस आवृत्त्यांत हात थरथरायला लागतात असे जोर. दोन-चार-सहाच्या वर न निघणारे पुल-अप्स. एका पायावरची बैठक, उड्या मारत काढलेल्या बैठका, जिना धावत चढणं. मल्लखांबावरच्या उड्या आणि पकडी याच जातीच्या. योगातही बकासन, मयूरासन किंवा संथपणे चतुरंग दंडासनात उतरून तिथेच टिकणं हे अनेकांसाठी याच वर्गात मोडतं, कारण स्नायू फार जोराने आवळला गेला की त्यातला रक्तप्रवाह दबतो आणि ऑक्सिजनची वाट अडते. या सगळ्यांत साठा रिता होतो, थोडा भरतो आणि पुन्हा रिता होतो. क्रिएटिनचा उपयोग व्हायला हीच जागा आहे.

वजनाशिवाय स्नायू वाढत नाहीत, असाही एक समज असतो. तो खरा नाही. जपानी संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या आठ आठवड्यांच्या प्रयोगात एका गटाने हलक्या वजनाचा बेंच प्रेस केला आणि दुसऱ्याने त्याच्याइतक्याच भाराचे पुश-अप्स काढले. छाती आणि दंडामागच्या स्नायूंची वाढ दोन्ही गटांत सारखीच निघाली. भार हलका असला तरी सेट थकव्याच्या जवळ नेला तर स्नायू त्याला दाद देतो. जोरांचा सेट थकव्यापर्यंत नेणारा माणूस त्या अर्थाने वजनं उचलणाऱ्याच्या बाजूलाच उभा आहे.

मर्यादाही सांगायला हवी. क्रिएटिनवरचे बहुतेक प्रयोग वजनं, सायकल आणि धावण्याच्या शर्यती यांवर झाले आहेत. घरगुती व्यायामाबद्दल आपण जे म्हणतो ते स्नायूच्या कार्यपद्धतीवरून काढलेलं अनुमान आहे. अनुमान भक्कम आहे, पण फायद्याचा आकडा जिमइतकाच येईल असं गृहीत धरू नये.

शाकाहारी असाल तर

मराठी घरांसाठी यात एक महत्त्वाची बाब आहे. आपलं शरीर यकृत आणि मूत्रपिंडांत रोज सुमारे एक ग्रॅम क्रिएटिन स्वतः तयार करतं. मांस-मासे खाणाऱ्याला आणखी साधारण एक ग्रॅम ताटातून मिळतं. दुधात ते अत्यल्प असतं आणि डाळी, भाज्या, धान्यांत जवळजवळ नसतंच. प्रथिनांसाठी पनीर, सोयाबीन, मटकी खाल्ली तरी ही तूट त्यातून भरत नाही. त्यामुळे शाकाहाऱ्यांच्या स्नायूंत क्रिएटिनचा साठा मांसाहाऱ्यांपेक्षा कमी असतो. हा आजार नव्हे, कमतरताही नव्हे. मात्र भांडं जितकं रिकामं, तितकी भर जास्त पडते. कॅनडात 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ आठवडे वजनाचा व्यायाम आणि क्रिएटिन घेणाऱ्या शाकाहाऱ्यांमध्ये स्नायूंतल्या क्रिएटिनची वाढ मांसाहाऱ्यांपेक्षा जास्त दिसली, आणि स्नायूंच्या वजनातली वाढही जास्त होती.

उलट, रोज मटण-मासे खाणाऱ्या काही जणांचा साठा आधीच काठोकाठ असतो. त्यांना क्रिएटिन घेऊनही काहीच फरक पडत नाही. अशी माणसं थोडीथोडकी नाहीत.

शाकाहाऱ्यांना पडणारी दुसरी शंका पावडरीच्या उगमाची असते. बाजारातलं क्रिएटिन मोनोहायड्रेट कारखान्यात रसायनांपासून बनतं, त्यात मांसाचा अंश नसतो. कॅप्सूल मात्र तपासून घ्यावी, कारण तिचं आवरण जिलेटिनचं असू शकतं. साधी पावडर घेतली तर तो प्रश्नच येत नाही.

काट्यावर दिसणारा किलो

क्रिएटिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वजन बहुधा अर्धा ते दीड किलोने वाढतं. ही चरबी नसते. क्रिएटिनबरोबर स्नायूंच्या पेशींत पाणी ओढलं जातं, त्याचं हे वजन असतं. ऑस्ट्रेलियात झालेला आणि 2025 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यावर चांगला प्रकाश टाकतो. त्यात एका गटाने व्यायाम सुरू करण्याआधी आठवडाभर रोज 5 ग्रॅम क्रिएटिन घेतलं. व्यायामाला हात लावायच्या आतच त्यांचं चरबीविरहित वजन सुमारे अर्धा किलो जास्त भरलं. पुढच्या बारा आठवड्यांच्या व्यायामात मात्र दोन्ही गटांनी सारखीच, सरासरी दोन किलोंची, भर घातली. याआधीच्या अनेक अभ्यासांत क्रिएटिनचा फायदा यापेक्षा ठळक दिसला होता, त्यामुळे एका अभ्यासावरून निकाल देता येत नाही. पण ‘दहा दिवसांत स्नायू वाढले’ असं कुणी सांगितलं तर ते पाणी आहे, हे त्यावरून नक्की समजावं.

शरीराच्या भारावर व्यायाम करणाऱ्याला या किलोचा हिशेब वेगळा लागतो. जिममधला माणूस एक किलोने जड झाला तरी त्याचा बार तेवढाच राहतो. इथे तुमचं शरीर हेच तुमचं वजन आहे. पुश-अपमध्ये शरीराच्या भारापैकी साधारण दोन तृतीयांश हातांवर येतो, म्हणजे एक किलो वाढला तर हातांना सुमारे 650 ग्रॅम जास्त. ते जाणवत नाही. पुल-अपमध्ये मात्र पूर्ण किलो वर न्यावा लागतो. ज्याचे दोनच पुल-अप्स जेमतेम निघतात, त्याला क्रिएटिनने दिलेली ताकद आणि वाढलेलं वजन यांची पहिले काही आठवडे फिट्टंफाट झाल्यासारखी वाटू शकते. मल्लखांब किंवा बकासनासारख्या प्रकारांतही हे ध्यानात ठेवावं.

एक हिशेब करून पाहू

समजा, साताऱ्यात एक पंचेचाळीस वर्षांचे शाकाहारी शिक्षक आहेत. वजन 68 किलो. आठवड्यातून चार दिवस घरीच जोर, बैठका आणि बारवर पुल-अप्स काढतात. त्यांना क्रिएटिनचा उपयोग होतो का हे स्वतःवर पाहायचं आहे.

डबा आणण्याआधी त्यांनी वही आणावी. दर आठवड्याला एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जोरांचे तीन सेट, प्रत्येक सेट पुढचा जोर निघेनासा होईपर्यंत, मध्ये घड्याळ लावून एक मिनिट विश्रांती. छातीखाली घडी केलेला टॉवेल ठेवावा आणि छाती टॉवेलला टेकली तरच जोर मोजावा, नाहीतर थकल्यावर जोर आपोआप उथळ होतात आणि आकडा फसवतो. समजा, तीन आठवडे आकडे 20, 12 आणि 8 यांच्या आसपास स्थिर राहिले. हा पाया झाला. आकडे अजून दर आठवड्याला वाढतच असतील तर क्रिएटिन सुरू करण्याची घाई करू नये, कारण मग कुणामुळे काय वाढलं ते कळणारच नाही.

यानंतर रोज 3 ग्रॅम. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1996 साली दाखवून दिलं, की सहा दिवस रोज 20 ग्रॅम घेतल्याने स्नायू जितके भरतात, तितकेच 28 दिवस रोज 3 ग्रॅम घेतल्यानेही भरतात. घाई नसलेल्याने मोठ्या मात्रेच्या वाटेला जाऊ नये. पोट बिघडण्याच्या तक्रारी बहुतेक त्या मोठ्या मात्रेतूनच येतात. वेळ कोणतीही चालते. व्यायाम नसलेल्या दिवशीही घ्यायचं, कारण आपण साठा भरत असतो. कोमट पाण्यात ते चांगलं विरघळतं, आणि ढवळल्यावर लगेच प्यावं. रोज 3 ग्रॅमने 250 ग्रॅमचा डबा जवळपास बारा आठवडे पुरतो. डब्यातला चमचा अनेकदा 5 ग्रॅमचा असतो, तेव्हा एकदा छोट्या काट्यावर मोजून घ्यावं.

पाचव्या आठवड्यात तीच चाचणी. समजा आकडे 21, 14 आणि 10 आले. बेरीज 40 वरून 45 वर गेली, पण त्याहून बोलका आहे तो वाढीचा साचा: पहिला सेट एकनेच वाढला, तर थकल्यानंतरचे दोन सेट मिळून चारने. फॉस्फोक्रिएटिन लवकर भरल्याची खूण अशीच दिसते. तिन्ही सेट सारखे वाढले असते, तर श्रेय सरावाला जाण्याची शक्यता जास्त होती. आणि काहीच बदललं नाही, तर ते फायदा न होणाऱ्यांपैकी आहेत असं समजून डबा बंद करावा. आपल्याला काहीतरी मिळतंय या भावनेनेही माणूस दोन जोर जास्त काढतो, म्हणून शंका उरली तर क्रिएटिन थांबवून पाहावं. स्नायूंतला वाढीव साठा चार ते सहा आठवड्यांत पूर्वीच्या पातळीवर येतो. त्यानंतर दुसरा-तिसरा सेट घसरला तर उत्तर मिळालं.

फायदा म्हणून एवढंच, दिवसाला चार-पाच जास्तीचे जोर. पण थकव्याजवळचे हे जोर महिनोन्‌महिने साठत जातात. पन्नाशी-साठीनंतर, स्नायू झिजायला लागल्यावर, याचं मोल वाढतं. वयस्कांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार केला तर व्यायामाबरोबर क्रिएटिन घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा एक किलोहून थोडं जास्त वाढलेलं दिसतं. हाडांच्या बाबतीत मात्र निराशा झाली. रजोनिवृत्तीनंतरच्या 237 स्त्रियांवर दोन वर्षं चाललेल्या चाचणीत हाडांची घनता क्रिएटिनने वाढली नाही.

रक्ताच्या रिपोर्टमधला घोळ

क्रिएटिनने किडनी खराब होते, ही भीती बऱ्याचदा लॅबच्या रिपोर्टवरून उगवते. शरीरातलं क्रिएटिन रोज थोडं थोडं मोडतं आणि त्याचं क्रिएटिनिन होतं. ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. म्हणून रक्तात क्रिएटिनिन साचलं तर मूत्रपिंडांचं काम मंदावलं असा अर्थ डॉक्टर काढतात. पण जो क्रिएटिन खातो, त्याच्या शरीरात क्रिएटिनिन मुळातच जास्त तयार होतं. आपल्या शिक्षकांचं क्रिएटिनिन 1.0 वरून 1.2 झालं असं धरू. लॅबचं सूत्र वयाचा हिशेब घालून त्यांच्या मूत्रपिंडांची क्षमता सुमारे 95 वरून 76 वर आली असं छापेल, आणि घरात घबराट पसरेल. मूत्रपिंडं मात्र पूर्वीइतकंच काम करत असू शकतात.

यावर उपाय साधा आहे. क्रिएटिन सुरू करण्याआधी एकदा क्रिएटिनिन तपासून रिपोर्ट जपून ठेवावा. पुढे कोणतीही तपासणी करताना डॉक्टरांना क्रिएटिन घेतो हे आपणहून सांगावं. शंका आली तर सिस्टॅटिन-सी ही वेगळी रक्तचाचणी आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करता येते. क्रिएटिन खाल्ल्याने त्यांचे आकडे बदलत नाहीत. निरोगी माणसांत नेहमीच्या मात्रेने मूत्रपिंडांना इजा झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. पण ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, बरीच वर्षं मधुमेह किंवा रक्तदाब आहे, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय डबा उघडू नये.

खरेदीत फार डोकं लढवावं लागत नाही. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्यावं, बिनचवीचं. हायड्रोक्लोराइड, एथिल एस्टर अशा महाग प्रकारांनी जास्त फायदा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत पाहावी. ‘प्री-वर्कआउट’ मिश्रणात क्रिएटिनबरोबर कॅफिन आणि इतर पदार्थ असतात, आणि क्रिएटिन किती आहे हे कधीकधी लिहिलेलंही नसतं, तेव्हा ते टाळलेलंच बरं.

तेव्हा निर्णय असा घ्यावा. संथ योग आणि चालणं एवढाच व्यायाम असेल तर क्रिएटिनची गरज नाही. एका दमात साठ-सत्तर बैठका सहज निघत असतील तर आधी व्यायाम अवघड करावा: एका पायावर यावं, पाय पलंगावर ठेवून जोर मारावेत, खाली जाताना तीन सेकंद घ्यावेत. सेट वीसच्या आत थकवायला लागला, दुसरा-तिसरा सेट ठळकपणे घसरायला लागला, ताट शाकाहारी असलं आणि मूत्रपिंडं ठणठणीत असली, तर रोजचे 3 ग्रॅम आजमावून पाहायला हरकत नाही. दोन महिन्यांनी वहीतले आकडे सांगतील तसं पुढे चालू ठेवावं किंवा बंद करावं.